₹799 की ₹899: 29 ऑर्डरींवरून काय ठरवावे?

सप्रेम नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यातून सोलापुरी चादरी घेऊन मी दीड वर्षापासून स्वतःच्या वेबसाइटवर विकते. सर्वाधिक चालणारी चादर मला 480 रुपयांना पडते (जीएसटी वगळून), पॅकिंगला 25 आणि कुरियरला 85 रुपये लागतात. डिलिव्हरी ग्राहकाला मोफत आहे. 100 पैकी साधारण 15 पार्सले परत येतात. 1 ते 14 जानेवारी मी किंमत 799 ठेवली, तेव्हा 640 जणांनी पान पाहिले आणि 18 ऑर्डरी आल्या. 15 ते 28 जानेवारी 899 ठेवली, तेव्हा 610 जणांनी पाहिले आणि 11 ऑर्डरी आल्या. सिद्धेश्वर यात्रेमुळे 14 ते 17 पॅकिंग बंद होते. घरचे म्हणतात, ऑर्डरी घटल्या, आता मुकाट्याने 799 वर ये. मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

आपण खर्चाचे आकडे पत्रातच दिलेत हे फार बरे केले, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आकड्यांत आहे आणि ते काढण्यासाठी एकाही नव्या ऑर्डरीची वाट पाहावी लागत नाही. ऑर्डरींची संख्या बाजूला ठेवून आधी एका चादरीमागे हातात काय उरते ते पाहू. 799 रुपयांत 5 टक्के जीएसटी आधीच मिळवलेला आहे, तो सरकारचा. तो वजा केल्यावर आपल्याकडे 761 रुपये राहतात. त्यातून चादरीचे 480, पॅकिंगचे 25, कुरियरचे 85 आणि पेमेंट गेटवेचे किंवा सीओडीचे शुल्क सरासरी 2 टक्के म्हणजे 16 रुपये काढले की 155 रुपये उरतात. हाच हिशेब 899 ला केला तर करानंतर 856 रुपये राहतात आणि खर्च जाऊन 248 रुपये उरतात. किंमत साडेबारा टक्क्यांनी वाढली, पण पोचलेल्या चादरीमागची शिल्लक 60 टक्क्यांनी वाढली, कारण वाढलेल्या 100 रुपयांवर चादरीचा, पॅकिंगचा आणि कुरियरचा खर्च पुन्हा बसत नाही.

यात परत येणारी पार्सले अजून धरलेली नाहीत. ग्राहकाने दारातूनच नाकारलेले पार्सल, ज्याला कुरियरवाले आरटीओ म्हणतात, ते जाताना 85 आणि येताना साधारण तेवढेच खाते, म्हणजे 170 रुपयांचा निव्वळ तोटा. चादर परत विक्रीला ठेवता येते आणि पॅकिंगही बहुतेक वेळा पुन्हा वापरता येते, म्हणून ते मी धरत नाही. 100 ऑर्डरींपैकी 85 पोचल्या आणि 15 परत आल्या असे मानले, तर 799 ला 85 गुणिले 155 म्हणजे 13,175 रुपये येतात आणि त्यातून 2,550 जातात. उरतात 10,625, म्हणजे प्रत्येक ऑर्डरीमागे 106 रुपये. 899 ला 21,080 मधून तेच 2,550 वजा होऊन 18,530 उरतात, म्हणजे ऑर्डरीमागे 185 रुपये. जाहिरातीचा खर्च मी मुद्दाम यात घेतलेला नाही. तो पान पाहणाऱ्यांच्या संख्येवर होतो, विकत घेणाऱ्यांच्या नाही. दोन्ही किमतींच्या काळात जाहिरातीवर सारखाच पैसा टाकला तर तुलनेत तो दोन्ही बाजूंनी सारखाच कमी होतो. तो ऑर्डरींमध्ये वाटण्याची जी सवय पुष्कळांना असते, तिने कमी ऑर्डरींची किंमत विनाकारण वाईट दिसते.

आता 106 ला 185 ने भागावे. उत्तर 0.57 येते, आणि आपल्या सगळ्या प्रश्नाची किल्ली याच आकड्यात आहे. 799 ला जिथे 100 ऑर्डरी येतात तिथे 899 ला 57 आल्या तरी दोन्हींचा नफा बरोबरीत राहतो. 58 आल्या की 899 पुढे जाते आणि 56 आल्या की मागे पडते. म्हणून घरच्यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे ऑर्डरी घटल्या का, हा मुळात आपला प्रश्नच नाही. किंमत वाढवल्यावर ऑर्डरी थोड्याफार घटणारच. आपला प्रश्न असा आहे की त्या 43 टक्क्यांहून जास्त घटल्या का.

आपल्या आकड्यांनाच हा प्रश्न विचारून पाहू. 18 ऑर्डरी गुणिले 106 म्हणजे 1,908 रुपये, ते 640 पाहणाऱ्यांमागे. दर 100 जणांमागे 298 रुपये. 11 गुणिले 185 म्हणजे 2,035 रुपये, ते 610 जणांमागे. दर 100 जणांमागे 334 रुपये. ज्या पंधरवड्याला घरचे वाईट म्हणत आहेत त्याने उलट थोडे जास्त कमावून दिलेले दिसते. पण एवढ्यावर 899 कायम करा असेही मी म्हणणार नाही, आणि त्याची दोन वेगवेगळी कारणे आहेत.

पहिले कारण निव्वळ योगायोगाचे आहे. समजा किमतीचा ग्राहकांवर काडीचाही परिणाम होत नाही आणि 29 ऑर्डरींपैकी प्रत्येक ऑर्डर कोणत्या पंधरवड्यात पडावी हे नाणेफेकीने ठरते. अशा खेळातही 18 आणि 11 अशी किंवा याहून विषम वाटणी साधारण चारांतून एकदा येते. म्हणजे जे पाहून घरात चर्चा पेटली ते दृश्य किंमत न बदलताही सहज दिसू शकले असते. आणि हाच योगायोग उलट बाजूनेही काम करतो. नफा बरोबरीत राहण्यासाठी दर 157 ऑर्डरींत 100 ऑर्डरी 799 च्या आणि 57 ऑर्डरी 899 च्या असाव्या लागतात, म्हणजे 899 चा वाटा 36 टक्के. 29 चे 36 टक्के म्हणजे साडेदहा, आणि आपल्याकडे आल्या 11. आपला आकडा बरोबरीच्या रेषेवरच जवळजवळ बसला आहे. तो कोणत्याच किमतीच्या बाजूने साक्ष देत नाही.

दुसरे कारण अधिक ऑर्डरी मिळवूनही दूर होणार नाही, म्हणून ते जास्त महत्त्वाचे समजावे. आपण आधी एक किंमत आणि मग दुसरी अशी सलग लावली, त्यामुळे किमतीबरोबर इतरही बरेच काही बदलले. 799 ला महिन्याचा पहिला पंधरवडा मिळाला, जेव्हा पगार हातात असतो, आणि संक्रांतीआधीची थंडीही त्याच्याच वाट्याला आली. 899 ला महिनाअखेर मिळाली, शिवाय पॅकिंग बंद असलेल्या चारांपैकी तीन दिवस तिच्याच पदरात पडले. त्या दिवसांत आपल्या पानावर माल उशिरा निघेल अशी सूचना असेल तर काही ग्राहक किमतीमुळे नव्हे, उशिरामुळे परतले असतील. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा, ठाऊक नसते. त्याला एवढेच दिसते की पार्सल आठ दिवसांनी येईल. यातला कोणता परिणाम किती झाला हे आता कोणत्याही गणिताने वेगळे काढता येणार नाही, म्हणून तो महिना मी हिशेबातून सोडून द्यायला सांगेन.

नव्याने मांडणी करताना पहिला विचार मनात येतो तो असा की एकाच वेळी निम्म्या लोकांना 799 आणि निम्म्यांना 899 दाखवावे. शास्त्राच्या दृष्टीने हीच उत्तम पद्धत आहे आणि मोठी दुकाने तसे करूही शकतात. आपल्या प्रमाणावर मात्र मला ती अडचणीची वाटते. चादरीचे पान नवराबायको आपापल्या फोनवर उघडतात, बहिणीला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतात, आणि एकाच क्षणी दोन किमती समोर आल्या की ग्राहक फसवणुकीचा संशय घेतो. शिवाय गूगलच्या शॉपिंग जाहिरातींत उत्पादनाच्या यादीतली किंमत आणि पानावरची किंमत जुळली नाही तर ते उत्पादन नाकारले जाते. बाजारपेठेच्या संकेतस्थळावर विकत असाल तर एकाच चादरीची दोन पाने उघडणे हा उपायही नाही. पुनरावलोकने दोन ठिकाणी विभागतात, आणि नव्या पानाला पुनरावलोकने नसल्यामुळे ऑर्डरी कमी आल्या तरी दोष किमतीच्या माथी जातो.

त्यापेक्षा दिवसांची अदलाबदल करावी, म्हणजे एका दिवशी सगळ्यांना एकच किंमत दिसेल. मात्र सोमवारी 799, मंगळवारी 899 अशी ठरीव पाळी लावू नये आणि आजचा रंग पाहून उद्याची किंमत ठरवणे तर मुळीच नको. 14 दिवसांचा एक गट धरावा. पहिल्या आठवड्यातल्या प्रत्येक वारासाठी नाणे उडवून किंमत ठरवावी आणि दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक वाराला नेमकी उलटी किंमत द्यावी. पहिल्या रविवारी नाण्याने 899 दिले असेल तर पुढच्या रविवारी 799. यामुळे प्रत्येक गटात दोन्ही किमतींना एकेक सोमवार, एकेक रविवार असे सातही वार मिळतात, पगाराचे दिवस आणि थंडीचा चढउतारही दोघींत वाटला जातो. पुढच्या गटासाठी नाणी पुन्हा उडवावीत. सगळे वेळापत्रक आधीच वहीत लिहून ठेवावे आणि किंमत बदलायची वेळ पहाटे 4 च्या सुमाराची ठेवावी, तेव्हा पानावर क्वचितच कोणी असते. वेबसाइटच्या व्यवस्थेत वेळ लावून किंमत बदलता येत असेल तर उत्तमच. रोज पहाटे गजर लावून उठण्याचा उत्साह दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

या पद्धतीत एक उणीव राहते. सोमवारी 799 पाहून गेलेला ग्राहक मंगळवारी 899 पाहतो आणि थांबतो, किंवा उलट होते. आठशे-नऊशे रुपयांच्या चादरीसाठी बरेच लोक त्याच बैठकीत निर्णय घेतात, त्यामुळे ही गळती सहसा थोडी असते, पण ती 899 च्या विरुद्ध झुकते हे लक्षात असू द्यावे: स्वस्त पाहिलेला माणूस महाग दिवशी घेत नाही, महाग पाहिलेला मात्र स्वस्त दिवशी आनंदाने घेतो. म्हणजे इतके असूनही 899 जिंकली तर तो निकाल अधिकच भरवशाचा मानावा.

चाचणी चालू असताना किमतीखेरीज काहीही बदलता कामा नये, आणि इथे चुका बारीक जागी लपतात. माझ्या ओळखीच्या एका टॉवेल विक्रेत्याने अशीच अदलाबदल केली होती. पण त्याच्या जाहिरातीच्या चित्रातच जुनी कमी किंमत छापलेली होती. जास्त किमतीच्या दिवशी लोक जाहिरातीवरून येत, पानावर वेगळा आकडा पाहत आणि चिडून जात. दोन महिने त्याने किंमत नव्हे, लोकांचा राग मोजला. तेव्हा जाहिरातीतून किंमत काढून टाकावी आणि जाहिरातीचे रोजचे बजेट सारखे ठेवावे. पानावर एमआरपी खोडून दाखवत असाल तर ती दोन्ही दिवशी एकच असावी, कारण खोडलेला आकडा बदलला की सवलतीचा आभासही बदलतो. आणि पाकिटावर छापलेली एमआरपी 899 पेक्षा कमी नाही हेही पाहावे, कारण एमआरपीच्या वर विकता येत नाही. डिलिव्हरी दोन्ही किमतींना मोफत ठेवली आहे ते योग्य केले. 850 रुपयांच्या पुढे डिलिव्हरी मोफत असा नियम असता तर आपण नकळत दोन गोष्टी एकदम तपासल्या असत्या. कुपन चालू असेल तर या चादरीपुरते ते बंद ठेवावे.

आता मुख्य अडचण, म्हणजे कमी संख्येची. निर्णयासाठी मी आपल्याला हाताने करता येईल असा एक नियम देतो. दोन्ही किमतींना सारखे दिवस मिळाले आहेत असे धरून, एकूण ऑर्डरींचे 36 टक्के काढावेत. ही बरोबरीची रेषा. मग एकूण ऑर्डरींचे वर्गमूळ काढावे. हे योगायोगाचे अंतर. 899 च्या ऑर्डरी रेषा अधिक वर्गमूळ एवढ्या किंवा जास्त असतील तर 899 ठेवावी, रेषा वजा वर्गमूळ एवढ्या किंवा कमी असतील तर 799 वर यावे, आणि मधे असतील तर चाचणीने निर्णय दिलेला नाही असे समजावे. एकूण 100 ऑर्डरी असतील तर रेषा 36 वर, वर्गमूळ 10. म्हणजे 46 किंवा जास्त असल्यास 899 आणि 26 किंवा कमी असल्यास 799. एकूण 60 च जमल्या तर रेषा साधारण 22 आणि वर्गमूळ पावणेआठ, म्हणजे 30 आणि 14. एकूण 60 मध्ये 30 म्हणजे किंमत वाढूनही ऑर्डरी मुळीच न घटणे, हे लक्षात घेतले की 60 ऑर्डरी का तोकड्या पडतात ते दिसेल.

100 ऑर्डरींनीही सगळे प्रश्न सुटतात असे नाही. समजा किंमत वाढवल्याने ऑर्डरी खरोखर 15 टक्क्यांनी घटतात. तेव्हा 100 पैकी सरासरी 46 ऑर्डरी 899 च्या येतील, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. निम्म्या वेळा निकाल हाती लागेल आणि निम्म्या वेळा नाही. 200 ऑर्डरी जमवल्या तर हीच शक्यता पाचांतून सुमारे चार वेळा इतकी होते. आपल्याकडे चार आठवड्यांत 29 ऑर्डरी आल्या, त्या वेगाने 100 व्हायला 14 आठवडे लागतील, म्हणजे 14 दिवसांचे सात गट. उन्हाळ्यात चादरीची मागणी मंदावली तर आणखी जास्त. एवढ्या थांबण्याची तयारी नसेल तर चाचणी सुरूच करू नये, कारण अर्धवट सोडलेली चाचणी आपल्याला पुन्हा 18 आणि 11 च्याच वादात आणून सोडते.

इतका वेळ लागतो म्हटल्यावर कोणाला वाटेल की 799 आणि 829 अशी छोटी, निरुपद्रवी वाढ तपासावी. प्रत्यक्षात ती तपासणे कितीतरी कठीण आहे. 829 ला वरचाच हिशेब केला तर ऑर्डरीमागे 130 रुपये पडतात, बरोबरीसाठी 100 च्या जागी 82 ऑर्डरी लागतात, म्हणजे बरोबरीची रेषा 45 टक्क्यांवर जाते. ऑर्डरी खरोखर 5 टक्क्यांनी घटत असतील तर 899 च्या जागी बसलेल्या त्या 829 चा वाटा 49 टक्के येईल. 45 आणि 49 यांतला फरक ओळखायला साधारण 1,300 ऑर्डरी लागतील. आपल्या वेगाने तीन वर्षांहून अधिक, तोवर सुताचा भाव तीनदा बदललेला असेल. ज्याच्याकडे ऑर्डरी कमी, त्याने किमतींतले अंतर मोठे ठेवावे. 100 रुपयांचे आपले अंतर योग्य आहे.

दुसरा मोह रोज रात्री आकडे पाहण्याचा. पाहायला हरकत नाही, पण पाहून थांबण्याला हरकत आहे. वरचा नियम ठरल्या वेळी एकदाच लावला तर दोन्ही किमती बरोबरीच्या असतानाही एखादी जिंकल्याचा चुकीचा निकाल विसातून एकदा मिळतो. मधेमधे सारख्या अंतराने दहा वेळा तपासून, जेव्हा निकाल लागलेला दिसेल तेव्हा चाचणी बंद केली, तर तीच चूक जवळपास पाचांतून एकदा होते. यात लबाडी नसते. चढउतार होत असताना आकडा कधी ना कधी उंबरठा ओलांडतोच, आणि आपण नेमक्या त्याच क्षणी थांबतो. म्हणून 100 ऑर्डरी पूर्ण झाल्यावर चालू असलेला 14 दिवसांचा गट संपवून मगच हिशेब करावा, हे आधी लिहून ठेवावे आणि वही घरच्यांच्या ताब्यात द्यावी.

मोजताना चादरी नव्हे, ऑर्डरी मोजाव्यात. लग्नसराईत कोणी आहेरासाठी एकदम 12 चादरी मागवतो. तो एका माणसाचा एक निर्णय आहे, 12 जणांचे 12 निर्णय नव्हेत, आणि तो ज्या किमतीच्या दिवशी पडेल तिचे पारडे उगाच जड होते. एका ऑर्डरीत 3 पेक्षा जास्त चादरी असतील तर ती ऑर्डर चाचणीबाहेर ठेवायची, असा नियम सुरुवातीलाच करावा. निकाल पाहिल्यावर केलेला नियम आपल्या मनातल्या किमतीला मदत करतो.

परत येणाऱ्या पार्सलांनाही धीर लागतो. शेवटच्या दिवशीचे सीओडी पार्सल पोचले की परतले हे कळायला 10-15 दिवस जातात, तोवर अंतिम हिशेब करू नये. आणि मी वर दोन्ही किमतींना 15 टक्केच परतावा धरला आहे, ते गृहीतक आहे. दारात रोख 899 द्यायच्या वेळी मन बदलणारे जास्त निघू शकतात. समजा 899 ला परतावा 22 टक्क्यांवर गेला. मग 78 पोचलेल्या चादरींचे 19,344 रुपये आणि परतलेल्या 22 चा तोटा 3,740. ऑर्डरीमागे 185 च्या जागी 156 रुपयेच उरतात. बरोबरीची रेषा 36 वरून 40 टक्क्यांच्या थोडी पुढे सरकते आणि 100 ऑर्डरींत 899 ला 46 ऐवजी 51 लागतात. पण इथेही संख्या लहान आहे: 46 ऑर्डरींत 7 परतणे आणि 10 परतणे यांत योगायोगाखेरीज काही असेलच असे नाही. म्हणून मी हिशेब दोनदा करायला सांगेन, एकदा दोन्हींना एकत्रित परतावा धरून आणि एकदा 899 ला वाईट परतावा धरून. दोन्ही हिशेबांत 899 जिंकली तर विषय संपला. पहिल्यात जिंकून दुसऱ्यात अडली तर किंमत 899 ठेवून सीओडीच्या ऑर्डरी पाठवण्यापूर्वी फोनवर खात्री करून घेण्याची पद्धत सुरू करावी. त्याने परतावा कमी झालेला आपल्याला महिन्याभरात कळेल.

निकाल मधल्या पट्ट्यात पडला, समजा 100 पैकी 38, तर निराश होण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ दोन्ही किमतींच्या नफ्यातला फरक बहुधा फार मोठा नाही असा आहे, आणि मग निर्णय इतर कारणांवर करावा. मी आपल्या जागी असतो तर 899 निवडली असती, कारण तेवढाच नफा कमी चादरींत मिळतो, प्रत्येक चादरीत अडकणारे 480 रुपये वाचतात आणि यात्रेसारख्या दिवसांत पॅकिंगचा ताणही कमी राहतो. कारखान्याकडून ठरावीक संख्येच्या वर माल उचलल्यास भाव कमी मिळत असेल तर मात्र हे उलटे होईल. 480 च्या जागी तो भाव घालून 0.57 हा आकडा पुन्हा काढावा लागेल.

राहिला तो ग्राहक, जो फोन करून विचारेल की काल 799 होते आणि आज 899 कसे. असे फोन थोडेच येतील. त्याला किमती सध्या बदलत आहेत असे सरळ सांगावे, 100 रुपये परत करावेत आणि वहीत ती ऑर्डर 899 च्याच खात्यात ठेवावी, कारण त्याने ती त्याच किमतीला दिली होती. परत केलेले 100 रुपये 899 च्या नफ्यातून वजा करावेत. यात्रेनंतर पॅकिंग सुरळीत झाले असेल तर पहिला गट येत्या सोमवारपासून सुरू करता येईल. त्यासाठी रविवारी रात्री सात वेळा नाणे उडवावे लागेल.